शुक्रवारचा कौल, सोमवारची खरेदी

२०२५ सालच्या पहिल्याच गुरुवारी, म्हणजे २ जानेवारीला, निफ्टीने एका दिवसात ४४५ अंकांची उडी घेतली आणि तो २४,१८८ वर बंद झाला. डिसेंबरच्या पडझडीने धास्तावलेल्यांना हायसे वाटले. दैनिक चार्टवर लांबलचक हिरवी कँडल उभी होती. आधीचे चार-पाच दिवस बाजार २३,६०० ते २३,८०० च्या पट्ट्यात रेंगाळला होता, आणि आता तो पट्टा जोरात मोडला होता. स्विंग ट्रेडिंग करणाऱ्याला, म्हणजे चार दिवस ते चार आठवडे सौदा धरून ठेवणाऱ्याला, याहून मोहात पाडणारे चित्र क्वचितच दिसते.

१० जानेवारीच्या शुक्रवारी निफ्टी २३,४३१ वर बंद झाला. सहा सत्रांत साडेसातशे अंक गेले.

दैनिक चार्टवर ही घसरण आधी कळली असती का? नसती. २ जानेवारीच्या कँडलमध्ये खोट काढण्यासारखे काहीच नव्हते. पण त्याच संध्याकाळी साप्ताहिक चार्ट उघडणाऱ्याला दिसले असते की तिथला कल ऑक्टोबरपासून खाली आहे आणि या उडीने त्यात काहीही फरक पडलेला नाही. दैनिक चार्ट खरेदीची जागा दाखवत होता, साप्ताहिक चार्ट खरेदीला परवानगी देत नव्हता. या प्रकरणात पाहायचे आहे ते हेच: ही परवानगी कशी ठरवायची, ती कधी मिळते, आणि तिची किंमत काय पडते.

एकाच चार्टवरचे भांडण

दोन वेगळ्या कालमापांचे चार्ट एकत्र वाचण्याची कल्पना जुनी आहे. चार्ल्स डाऊ यांच्या लेखनातून उभ्या राहिलेल्या डाऊ सिद्धांतात बाजाराच्या हालचाली तीन थरांच्या मानल्या गेल्या: महिनोन्‌महिने चालणारी भरती-ओहोटी, तिच्यावरच्या लाटा आणि लाटांवरचे तरंग. या कल्पनेला रोजच्या व्यवहारात उतरवणारी सर्वांत प्रसिद्ध पद्धत अलेक्झांडर एल्डर यांची. व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या एल्डर यांनी १९८६ मध्ये ‘फ्युचर्स’ या अमेरिकी मासिकात ‘ट्रिपल स्क्रीन’ नावाने ती मांडली आणि १९९३ च्या ‘ट्रेडिंग फॉर अ लिव्हिंग’ या पुस्तकात विस्ताराने समजावली.

त्यांना सतावणारा प्रश्न तांत्रिक होता. चार्टवरची साधने मुख्यतः दोन जातीची असतात. मूव्हिंग अ‍ॅव्हरेजसारखी साधने कल ओळखतात. बाजार चढू लागला की ती ‘घ्या’ म्हणतात. आरएसआय किंवा स्टोकॅस्टिकसारखे ऑसिलेटर भाव जास्त ताणला गेला आहे का ते पाहतात. बाजार चढला की ते ‘विका’ म्हणतात. एकाच दैनिक चार्टवर दोन्ही लावली की नेमक्या महत्त्वाच्या वेळी ती एकमेकांशी भांडतात, आणि ट्रेडर आपल्या मनाला रुचेल त्याची बाजू घेतो.

एल्डर यांनी दोघांना वेगवेगळ्या चार्टवर बसवले. कल ओळखायचे काम साप्ताहिक चार्टकडे. कल वर असेल तर दैनिक चार्टवर फक्त खरेदीच्या जागा शोधायच्या, तिथले विक्रीचे इशारे सोडून द्यायचे. कल खाली असेल तर उलट. दोन चार्टमध्ये साधारण पाचपटीचे अंतर असावे, हा त्यांचा दंडक. बाजाराचा आठवडा पाच सत्रांचा असल्याने दैनिकाला साप्ताहिकाची जोडी आपोआप जुळते.

यातला बारकावा अनेकदा निसटतो. साप्ताहिक कल वर असताना दैनिक चार्टही वर जात असेल तेव्हाच खरेदी करायची, असे ही पद्धत सांगत नाही. तशी खरेदी केली तर माणूस नेहमी महागात घेतो. साप्ताहिक कल वर हवा आणि दैनिक भाव मात्र तात्पुरता खाली आलेला हवा. दोन चार्ट थोडे विसंगत असतात, त्याच क्षणी सौदा तयार होतो. तिसरा पडदा आहे ऑर्डरचा: खाली आलेला भाव पुन्हा वळला तरच खरेदी व्हावी अशी ऑर्डर लावून ठेवायची.

नियम कागदावर

साप्ताहिक कल ठरवायला एल्डर यांनी मूळ मांडणीत एमएसीडी हिस्टोग्रामचा उतार वापरला. इथे त्याहून साधा, नुसत्या डोळ्यांनी तपासता येईल असा नियम घेऊ.

ज्या आठवड्याचा उच्चांक आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन आठवड्यांच्या उच्चांकांहून वर असेल, तो आठवडा म्हणजे शिखर. तसाच ज्याचा नीचांक दोन्ही बाजूंच्या दोन-दोन आठवड्यांहून खाली, तो तळ. आठवडा शेवटच्या शिखराच्या वर बंद झाला की कल वर. शेवटच्या तळाच्या खाली बंद झाला की कल खाली. यांपैकी काहीच घडले नाही तर आधीचा कल कायम.

दैनिक नियम असा. कल वर असताना एखाद्या दिवशीचा बंद भाव गेल्या पाच सत्रांत सर्वांत कमी असला, तर भाव पुरेसा खाली आला असे धरायचे. दुसऱ्या दिवशीसाठी त्या दिवसाच्या उच्चांकाच्या किंचित वर खरेदीची स्टॉप ऑर्डर लावायची. भाव तिथवर पोचला नाही आणि आणखी घसरला, तर ऑर्डर नव्या दिवसाच्या उच्चांकावर खाली आणायची. खरेदी झाली की तो दिवस आणि आधीचा दिवस यांपैकी ज्याचा नीचांक खाली, त्याच्या खाली स्टॉपलॉस.

ऑर्डर रोज खाली आणण्यात एक सोय आहे. भाव घसरत राहिला तर खरेदी होतच नाही, आणि वळला तर आधीच्यापेक्षा स्वस्तात होते.

सहा महिने बंद दार

आता हा नियम निफ्टीवर लावून पाहू. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस निफ्टी २६,२७७ वर पोचला होता. त्याआधीचा साप्ताहिक तळ ९ सप्टेंबरच्या आठवड्यातला, २४,७५३ चा. ऑक्टोबरमध्ये परदेशी संस्थांची विक्री वाढत गेली आणि २५ ऑक्टोबरच्या शुक्रवारी निफ्टी २४,१८० वर बंद झाला. तळ मोडला, कल खाली.

यानंतर कल वर यायला आठवडा शेवटच्या शिखराच्या वर बंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, पण वाटले मात्र अनेकदा. नोव्हेंबरच्या २२ तारखेला निफ्टी साडेपाचशे अंकांनी उसळला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, महाराष्ट्र विधानसभेचे निकाल लागले आणि सोमवारी बाजार आणखी तीनशे अंक वर गेला. १३ डिसेंबरला तो २४,७६८ वर होता. पुढच्याच आठवड्यात सुमारे पावणेपाच टक्के पडून २३,५८७ वर आला.

मग आले जानेवारीचे प्रकरण. दैनिक नियम एकटाच वापरणाऱ्याला ३० डिसेंबरला खरेदीचा इशारा मिळाला असता, कारण त्या दिवशीचा बंद भाव पाच सत्रांत सर्वांत कमी होता. ३१ डिसेंबरचा उच्चांक होता २३,६९० आणि नीचांक २३,४६०. म्हणजे १ जानेवारीला साधारण २३,६९० वर खरेदी, स्टॉपलॉस २३,४६० च्या खाली, जोखीम २३० अंक. दुसऱ्या दिवशी बाजार २४,१८८ वर. दोन दिवसांत जोखमीच्या दुपटीहून अधिक नफा कागदावर दिसत होता.

म्हणजे दैनिक इशारा वाईट नव्हता. त्या दिवशी नफा पदरात पाडून घेणारा खूशच झाला असेल. पण स्विंग ट्रेडर दोन दिवसांसाठी सौदा घेत नाही. ज्याने नेहमीच्या सवयीने दोन-तीन आठवडे धरायचे ठरवले, त्याचा स्टॉपलॉस १० जानेवारीपर्यंत उडाला. साप्ताहिक कलाच्या विरुद्ध घेतलेल्या सौद्याचे आयुष्य कमी असते, हा साप्ताहिक चार्टची गाळणी लावण्यामागचा मुख्य तर्क आहे. उसळ्या येतातच, कधी फार जोरात येतात, पण धरून ठेवण्याइतक्या टिकत नाहीत.

दार उघडले ते एप्रिलमध्ये. अमेरिकी आयातशुल्काच्या धक्क्याने ७ एप्रिल २०२५ ला निफ्टी २१,७४३ पर्यंत कोसळला आणि तिथून झपाट्याने वर आला. शेवटचे शिखर होते २५ मार्चच्या आठवड्यातले, २३,८७० चे. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची आणि १८ ला गुड फ्रायडेची सुटी असल्याने तो आठवडा तीनच सत्रांचा झाला. गुरुवारी निफ्टी २३,८५२ वर बंद झाला. अवघे १८ अंक कमी पडले.

नियमाप्रमाणे कल अजून खालीच. पुढच्या आठवड्यात सोमवारी निफ्टी २४,१०० च्या वर बंद झाला तरी निकाल शुक्रवारीच लागणार होता. २५ एप्रिलच्या त्या शुक्रवारी पहलगामच्या हल्ल्यानंतरच्या तणावात बाजार दिवसभरात २३,८४८ पर्यंत, म्हणजे शिखराच्याही खाली जाऊन आला. शेवटी २४,०३९ वर बंद झाला आणि कल वर गेला.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. २५ ऑक्टोबरला दार लागले तेव्हा निफ्टी २४,१८० वर होता. बरोबर सहा महिन्यांनी, २५ एप्रिलला, उघडले तेव्हा २४,०३९ वर. दीडशे अंकांचाही फरक नाही. मधल्या काळात तो दहा टक्के खाली जाऊन परत आला. गाळणीने या सहा महिन्यांत एक रुपयाही कमावून दिला नाही. तिने ट्रेडरला दहा टक्क्यांच्या खड्ड्यापासून आणि त्यातल्या फसव्या उसळ्यांपासून लांब ठेवले. तळापासूनच्या २,३०० अंकांच्या चढाईतही तिने त्याला बाहेरच बसवले, ही तिची किंमत.

मे महिन्यातले दोन सौदे

दार उघडल्यावर लगेच उडी मारायची नसते, दैनिक चार्टवर भाव खाली येण्याची वाट पाहायची असते. ती संधी ८ मे रोजी आली. ऑपरेशन सिंदूरनंतरचे ते दिवस. निफ्टी २४,२७३ वर बंद झाला, पाच सत्रांतला सर्वांत कमी बंद भाव. ऑर्डर त्या दिवसाच्या उच्चांकावर, २४,४४७ च्या वर लागली. शुक्रवारी भाव तिकडे फिरकलाच नाही, उलट घसरून तो २४,००८ वर बंद झाला. ऑर्डर खाली आली: शुक्रवारचा उच्चांक २४,१६४, स्टॉपलॉस शुक्रवारचा नीचांक २३,९३५ च्या खाली. ठरलेली जोखीम साधारण २३० अंक.

समजा, ट्रेडरचे भांडवल १० लाख रुपये आहे आणि एका सौद्यात दोन टक्क्यांहून अधिक, म्हणजे २०,००० रुपयांहून जास्त घालवायचे नाहीत असा त्याचा नेम आहे. निफ्टी फ्युचर्सचा लॉट तेव्हा ७५ चा होता. २३० गुणिले ७५, म्हणजे १७,२५० रुपये. सौदा बसतो. (फ्युचर्सचा भाव निर्देशांकाहून थोडा वेगळा असतो. हिशेब सोपा राहावा म्हणून इथे निर्देशांकाचेच आकडे घेतले आहेत.)

शनिवारी, १० मे रोजी, शस्त्रसंधी जाहीर झाली. सोमवारी निफ्टी उघडलाच २४,४२० वर. २४,१६४ च्या वरची ऑर्डर त्या गॅपमध्ये अडीचशे अंक महाग भरली जाते. स्टॉपलॉस तिथेच आहे, त्यामुळे जोखीम २३० ची ४८५ अंक झाली आणि रुपयांत ३६,३७५. दोन टक्क्यांचा नेम साडेतीन टक्क्यांच्या पुढे गेला.

त्या दिवशी निफ्टी ९१६ अंकांनी वाढून २४,९२४ वर बंद झाला आणि १५ मे रोजी त्याने २५,०६२ ची पातळी गाठली. २४,१६४ वर घेता आले असते तर हा नफा जोखमीच्या जवळजवळ चौपट होता. २४,४२० च्या खरेदीवर तो सव्वापटीच्या आसपास राहतो. कल बरोबर, दैनिक वळण बरोबर, दिशा बरोबर, आणि तरीही सौद्याचे गणित बिघडलेले. कालमापांची कितीही पक्की जुळवाजुळव शनिवार-रविवारच्या बातमीपासून वाचवत नाही. म्हणून अनुभवी ट्रेडर ऑर्डरसोबत वरची मर्यादाही ठरवतो: उघडणारा भाव ठरलेल्या जोखमीच्या अमुक पटीपलीकडे गेला, तर सौदा सोडायचा.

सोडणाऱ्याचे यावेळी फारसे नुकसान झाले नाही. २२ मे रोजी बाजार २४,६१० वर आला, पुन्हा पाच सत्रांतला सर्वांत कमी बंद भाव. त्या दिवसाचा उच्चांक २४,७३७, नीचांक २४,४६२. २३ मे रोजी बाजार शांतपणे उघडून वर गेला आणि साधारण २४,७३८ वर खरेदी झाली. जोखीम २७५ अंक. एका लॉटला २०,६०० रुपये होतात, म्हणजे नेमाच्या जरा वर. काटेकोर माणूस इथे फ्युचर्सऐवजी निफ्टीचा ईटीएफ घेतो, कारण त्यात हव्या तेवढ्या युनिट्सचा सौदा करता येतो.

पुढचे तीन आठवडे बाजार कुठेच गेला नाही. १३ जून रोजी इस्रायल-इराण संघर्षाच्या बातमीने तो २४,४७३ वर उघडला. स्टॉपलॉसपासून जेमतेम अकरा अंकांवर. तिथून वळला आणि २७ जूनला २५,६३७ वर बंद झाला, म्हणजे जोखमीच्या सव्वातीनपट. अकरा अंक इकडेतिकडे झाले असते तर हाच सौदा तोट्याच्या वहीत गेला असता. म्हणून जानेवारी आणि मेची ही जोडी पद्धतीचे काम दाखवते, तिचा पुरावा होत नाही. पुरावा हवा असेल तर वीस-तीस वर्षांच्या आणि अनेक शेअर्सच्या चार्टवर तोच नियम जसाच्या तसा चालवावा लागतो.

दुसरा साक्षीदार नव्हे

या पद्धतीला ‘दुहेरी पुष्टी’ म्हणण्याची रीत आहे. त्यातून असा समज होतो की साप्ताहिक चार्ट म्हणजे दैनिकाहून वेगळा, स्वतंत्र साक्षीदार आहे. तसे नाही. साप्ताहिक कँडल त्याच पाच दिवसांच्या भावांतून बनते. सोमवारचा उघडलेला भाव, शुक्रवारचा बंद भाव आणि मधला सर्वांत वरचा व सर्वांत खालचा भाव, एवढेच तिच्यात असते. २६ आठवड्यांचे अ‍ॅव्हरेज आणि दैनिक चार्टवरचे १३० दिवसांचे अ‍ॅव्हरेज जवळजवळ एकाच रेषेवर चालतात. दहा आठवड्यांचे अ‍ॅव्हरेज म्हणजे जवळपास सगळ्यांच्या ओळखीचे ५० दिवसांचे.

याचा व्यवहारातला अर्थ असा: साप्ताहिक एमएसीडी, साप्ताहिक आरएसआय, साप्ताहिक अ‍ॅव्हरेज आणि दैनिक १०० दिवसांचे अ‍ॅव्हरेज असे चारही वर आहेत म्हणून सौदा चौपट भक्कम होत नाही. चौघे एकाच घटनेचे वर्णन करत असतात. मासिक चार्टही जोडला, वरून तासाचाही जोडला, तर पुष्टी वाढत नाही. संधी मात्र कमी होतात आणि उशीर वाढतो.

साप्ताहिक चार्टचा खरा उपयोग तो काय लपवतो यात आहे. २ जानेवारीची कँडल दैनिक चार्टवर आभाळाएवढी दिसते. साप्ताहिक चार्टवर ती ३ जानेवारीला २४,००४ वर बंद झालेल्या एका आठवड्यात विरघळून जाते. शिवाय कलाचा निर्णय आठवड्यातून एकदाच घ्यायचा असल्याने रोज मत बदलायला वाव राहत नाही. त्यासाठी क्रम मात्र पाळावा लागतो. आधी साप्ताहिक चार्ट पाहून दिशा लिहून ठेवायची, मग दैनिक चार्ट उघडायचा. दैनिक चार्टवर आवडलेला सौदा घेऊन साप्ताहिक चार्टकडे गेलेल्याला तिथे हवा तो आधार बहुतेक वेळा सापडतो. अ‍ॅव्हरेजचे दिवस थोडे बदलले की काम भागते.

न संपलेला आठवडा

नवख्याच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक दिसायला क्षुल्लक असते. बुधवारी साप्ताहिक चार्ट उघडला तर स्क्रीनवरची शेवटची कँडल तीनच दिवसांची असते, पण दिसते पूर्ण झालेल्या कँडलसारखी. २१ एप्रिल २०२५ च्या सोमवारी ती शिखराच्या वर होती. शुक्रवारी दुपारी काही काळ तिथून खाली होती. बाजार बंद झाला तेव्हा पुन्हा वर. तिच्यावरून निर्णय घेणाऱ्याची गाळणी आठवडाभर उघडझाप करत राहते. म्हणून कल मोजायचा तो शेवटच्या पूर्ण झालेल्या आठवड्यावरून.

हीच चूक बॅकटेस्टमध्ये शिरली की तिचे रूप बदलते आणि ती पकडणे अवघड होते. जुन्या आकड्यांवर पद्धत तपासताना संगणकाकडे सोमवारच्या रकान्यातही त्या आठवड्याचा शुक्रवारचा बंद भाव तयार असतो. प्रोग्राम लिहिताना आठवडा एक घर मागे सरकवला नाही, तर पद्धत सोमवारी सौदा घेताना शुक्रवारचा निकाल पाहून घेते. कागदावरचे आकडे मग डोळे दिपवणारे येतात. ओळखायची खूण सोपी आहे. साप्ताहिक माहिती मुद्दाम आणखी एक आठवडा उशिरा देऊन तपासणी पुन्हा करायची. चांगल्या गाळणीचे निकाल थोडे उतरतात. चोरून पाहणारीचे कोसळतात.

गाळणी कुठे हरते

साप्ताहिक कल तेव्हाच उपयोगी, जेव्हा बाजारात तेवढ्या लांबीचा कल असतो. २०२२ चे पहिले सहा महिने आठवा. निफ्टी जानेवारीत १८,३५० वर, मार्चच्या आरंभी १५,६७१ वर, एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा १८,११४ वर आणि जूनच्या मध्याला १५,१८३ वर. दर चार ते दहा आठवड्यांनी अडीच-तीन हजार अंकांचा झोका. असल्या बाजारात आठवड्याच्या साधनांना वळण कळेपर्यंत झोका बहुतांश पुरा झालेला असतो. ती शिखराजवळ ‘घ्या’ म्हणतात आणि तळाजवळ ‘थांबा’. जलद वळणारे साधन, उदाहरणार्थ हिस्टोग्रामचा उतार, घेतले तर एप्रिल २०२५ सारख्या वळणावर ते लवकर दार उघडते, पण डिसेंबर २०२४ सारख्या उसळीतही उघडण्याची शक्यता वाढते. उशीर आणि फसवणूक यांतले एक कमी केले की दुसरे वाढते.

भारतातल्या सामान्य गुंतवणूकदारापुढे आणखी एक अडचण आहे. एल्डर यांच्या पद्धतीत कल खाली असताना शॉर्ट सौदे घेऊन काम चालू राहते. आपल्याकडे रोखीच्या बाजारात सामान्य ट्रेडर आपल्याजवळ नसलेला शेअर विकून ती पोझिशन दुसऱ्या दिवसापर्यंत नेऊ शकत नाही. ती त्याच दिवशी बंद करावी लागते, नाहीतर शेअर लिलावात जातो. रात्रभर शॉर्ट राहायचे तर फ्युचर्स-ऑप्शन्सकडे वळावे लागते. तिथे लॉट मोठे, मार्जिन जास्त, आणि मेच्या सोमवारसारखा गॅप उलट बसला तर तोटा ठरलेल्या रकमेवर थांबत नाही. म्हणून शेअर्समध्येच काम करणाऱ्याच्या दृष्टीने ‘साप्ताहिक कल खाली’ या निकालाचा अर्थ बहुधा एवढाच उरतो: नवी खरेदी बंद, पैसे लिक्विड फंडात किंवा बचत खात्यात.

ऑक्टोबर ते एप्रिलसारखे सहा महिने असे काढणे कठीण जाते, आणि पद्धत मोडते ती बहुतेक तिथेच. चौथ्या महिन्यात कोणीतरी दोन आठवड्यांच्या शिखराचा नियम एका आठवड्यावर आणतो, कोणी निर्देशांकाचा कल सोडून एखाद्या चढत्या शेअरचा साप्ताहिक चार्ट पुढे करतो. यातले दुसरे सरसकट चूक नाही. बाजार खाली असतानाही काही शेअर्स स्वतःच्या साप्ताहिक चार्टवर वर असतात. पण मग शेअर आणि निर्देशांक यांचे मत वेगळे पडल्यावर काय करायचे, सौदा अर्ध्या आकाराचा घ्यायचा की सोडायचा, हे नियमात आधी लिहिलेले असावे लागते. तो शेअर नजरेसमोर चढत असताना लिहायला घेतलेला नियम त्याच्याच बाजूने लिहिला जातो.